पदे तीच, बेरीज वेगळी: एकांतर हरात्मक श्रेढीच्या क्रमबदलाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

तीन जणांचा एक गट अनंत श्रेढींच्या बेरजा काढणारा छोटा प्रोग्राम लिहीत होता. पदाचे सूत्र द्यायचे, किती पदे घ्यायची ते सांगायचे आणि प्रोग्रामने आंशिक बेरीज छापायची, एवढेच काम. पहिल्या आवृत्तीत पदे लिहिल्या क्रमाने येत आणि प्रत्येक पदाचे चिन्ह वेगळे तपासले जाई. त्यात वेळ जातो म्हणून एका सदस्याने दुसरी आवृत्ती तयार केली. तिच्यात धन पदे एका प्रवाहातून आणि ऋण पदे दुसऱ्या प्रवाहातून येत होती, त्यामुळे चिन्ह तपासायची गरज उरली नाही. धन पदे जोडीने वाचण्याची सोय आधीच लिहिलेली होती, ऋण पदांसाठी ती नव्हती. साहजिकच एका फेरीत दोन धन आणि एक ऋण अशी पदे घेतली जाऊ लागली.

बदल करणाऱ्या सदस्याचा युक्तिवाद तेव्हा सगळ्यांना पटला होता. प्रत्येक धन पद कधी ना कधी येते, प्रत्येक ऋण पदही येते, एकही पद दोनदा येत नाही आणि एकही गळत नाही. बेरजेत क्रम बदलला तर काय बिघडते?

चाचणीसाठी त्यांनी ही श्रेढी घेतली:

१ − १/४ + १/९ − १/१६ + १/२५ − …

तिची बेरीज π²/१२, म्हणजे ०.८२२४६७०३. नव्या आवृत्तीने दहा लाख फेऱ्यांनंतर, म्हणजे ३० लाख पदांनंतर, ०.८२२४६७१६ दिले. फरक सातव्या दशांश स्थळावर होता आणि पदे वाढवली की तोही घटत होता. चाचणी उत्तीर्ण झाली आणि जुनी आवृत्ती बाजूला ठेवली गेली. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो घेताना कोणालाही आपण निर्णय घेत आहोत असे वाटले नव्हते.

## अडचण

पुढे त्याच प्रोग्रामला एकांतर हरात्मक श्रेढी दिली गेली:

१ − १/२ + १/३ − १/४ + १/५ − १/६ + …

हिची बेरीज ln २, म्हणजे ०.६९३१४७१८. जुन्या आवृत्तीने ३० लाख पदांनंतर ०.६९३१४७०१ दिले होते. नवीन आवृत्तीने तेवढ्याच पदांनंतर १.०३९७२०५२ दिले.

फरक दीडपटीचा होता. शिवाय उत्तर डगमगत नव्हते. हजार फेऱ्यांनंतर १.०३९४७१, दहा लाख फेऱ्यांनंतर १.०३९७२०५२, आणि त्यापुढे पहिली सहा दशांश स्थळे जागची हलत नव्हती. चुकीचा प्रोग्राम सहसा भरकटतो. हा मात्र एका ठरावीक संख्येकडे शिस्तीत जात होता, आणि म्हणूनच गोंधळ वाढला. १.०३९७२०७७ म्हणजे बरोबर ३/२ × ln २ हे लक्षात आल्यावर तर कुठेतरी दीडने गुणले जात असावे अशी शंका येऊन गुणाकार शोधण्यात बराच वेळ गेला. तसा गुणाकार कुठेही नव्हता.

बेरजेचा गाभा एवढाच होता:

```
s = 0.0
for k in range(1, m + 1):
    s += 1/(4*k - 3) + 1/(4*k - 1)
    s -= 1/(2*k)
```

k = १ ला १ + १/३ − १/२, k = २ ला १/५ + १/७ − १/४, k = ३ ला १/९ + १/११ − १/६. विषम छेदांची सगळी पदे अधिक चिन्हाने आणि सम छेदांची सगळी पदे वजा चिन्हाने येतात. कोडमध्ये दोष नाही.

## विचारात घेतलेली कारणे

पहिला संशय पूर्णांकनावर गेला. संगणक अपूर्णांक साधारण सोळा अंकांपर्यंत साठवतो आणि लाखो बेरजांमध्ये छोट्या चुका साचतात, हे खरेच आहे. पण किती साचतात त्याचा अंदाज आधी करायला हवा. इथे बेरीज १ च्या आसपास राहते, म्हणजे एका बेरजेत होणारी चूक फार तर १०⁻¹⁶ च्या घरातली. ३० लाख बेरजांतली प्रत्येक चूक एकाच दिशेने पडली असे धरले तरी एकूण चूक एक अब्जांशाच्या आतच राहते. समोर दिसणारा फरक ०.३४६६ चा होता. हे गणित आधी मांडले असते तर पन्नास अंकी अचूकतेने प्रोग्राम पुन्हा चालवण्याचे कष्ट वाचले असते. तो चालवला गेला आणि तेच उत्तर आले.

दुसरा विचार पदे कमी पडली असावीत असा होता. हा संशय कागदावरच मिटतो. एका फेरीतून बेरजेत किती भर पडते ते पाहू. १/(4k−3) आणि १/(4k−1) यांची बेरीज १/(2k−1) पेक्षा मोठी असते, आणि १/(2k−1) हे १/(2k) पेक्षा मोठे. म्हणजे प्रत्येक फेरीची निव्वळ भर धन असते. पहिल्या फेरीनंतर बेरीज ५/६, म्हणजे ०.८३३३ असते. पुढे ०.९२६२, ०.९६१५, ०.९८०१ अशी ती चढतच जाते. ५/६ च्या वर गेलेली आणि दर फेरीला वाढणारी बेरीज ०.६९३१ वर परत येणे शक्यच नाही, पदे कितीही घ्या. उलट मूळ क्रमात १ − १/२ + १/३ हेच ५/६ असते, आणि तिथून पुढे पदे लहान होत जात एकाआड एक चिन्ह बदलत असल्यामुळे बेरीज ५/६ च्या खालीच राहते. दोन क्रमांच्या बेरजा वेगळ्या आहेत हे सिद्ध करायला एवढ्या चार ओळी पुरतात. संगणक लागत नाही आणि लॉगॅरिथमही लागत नाही.

मग उरला क्रम. पण क्रमावर बोट ठेवायला गटातले दोघे तयार नव्हते. बेरजेचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म शाळेपासून अंगवळणी पडलेला असतो. तो मर्यादित पदांसाठी आहे, आणि अनंत श्रेढीची बेरीज ही मुळात बेरीज नसून आंशिक बेरजांच्या क्रमिकेची सीमा आहे, हे तिघांनाही माहीत होते. पण माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी आठवतेच असे नाही.

## निदान

निर्णायक पाऊल एका साध्या छपाईने पडले. तिसऱ्या सदस्याने बेरजेसोबत प्रत्येक प्रवाहातून शेवटी वापरलेला छेदही छापायला लावला. ३० लाख पदांनंतर जुन्या आवृत्तीत शेवटचा विषम छेद २९,९९,९९९ आणि शेवटचा सम छेद ३०,००,००० होता. नवीन आवृत्तीत शेवटचा विषम छेद ३९,९९,९९९ आणि शेवटचा सम छेद २०,००,००० होता.

पदांची संख्या दोन्हीकडे ३० लाखच, पण ती पदे वेगळी होती. धन प्रवाह ऋण प्रवाहाच्या दुप्पट पुढे धावत होता. मूळ श्रेढीची २०,००,००० छेदापर्यंतची पदे घेतली, तर नवीन आवृत्तीत ती सगळी आहेतच. त्यांच्याशिवाय २०,००,००१ ते ३९,९९,९९९ या विषम छेदांची दहा लाख धन पदे जादा आली आहेत, आणि त्यांची भरपाई करणारी ऋण पदे अजून यायची आहेत.

ही जादा पदे एकेकटी पाहिली तर नगण्य आहेत. पण दहा लाख पदांपैकी प्रत्येक पद १/४०,००,००० पेक्षा मोठे आणि १/२०,००,००० पेक्षा लहान आहे, म्हणून त्यांची बेरीज १/४ आणि १/२ यांच्या मध्ये कुठेतरी असणारच. प्रत्यक्षात ती ०.३४६५७ येते, म्हणजे ½ ln २. दिसणारा फरक नेमका हाच.

आता दहा लाखाच्या जागी m फेऱ्या घ्या. जादा पदे m असतात आणि प्रत्येकाचा आकार १/(4m) ते १/(2m) यांच्या दरम्यान. m वाढला की पदे लहान होतात, पण त्याच प्रमाणात त्यांची संख्या वाढते, आणि गुणाकार जिथल्या तिथे राहतो. ही उधारीसारखी गोष्ट आहे. प्रत्येक ऋण पदाची उधारी पुढे कधीतरी फिटते हे खरे, पण ती फिटेपर्यंत तेवढीच नवी उधारी चढलेली असते. शिल्लक कधीच शून्याकडे जात नाही. ‘प्रत्येक पद कधी ना कधी येते’ या युक्तिवादातली फट इथे आहे: पद येते की नाही एवढ्याने भागत नाही, ते किती उशिरा येते यावर सीमा ठरते.

## मग चाचणी उत्तीर्ण कशी झाली?

हा प्रश्न गटाने लगेच विचारला, आणि सगळ्या प्रकरणातला उपयुक्त भाग तोच. १/n² च्या श्रेढीतही धन प्रवाह तसाच दुप्पट पुढे होता. m फेऱ्यांनंतर तिथेही m जादा पदे होती. फरक त्यांच्या आकारात होता. त्या श्रेढीत प्रत्येक जादा पद १/(2m)² पेक्षा लहान, म्हणून m पदांची एकूण बेरीज १/(4m) पेक्षा लहान. m दहा लाख असताना ही मर्यादा एक कोटीचे अडीच अंश, आणि प्रत्यक्ष जादा बेरीज तिच्या साधारण निम्मी. चाचणीत सातव्या दशांश स्थळावर दिसलेला फरक म्हणजे हीच उधारी. इथे ती फिटत होती.

हे केवळ या क्रमापुरते नाही. सगळ्या पदांची चिन्हे पुसून केवल मूल्यांची श्रेढी घेतली आणि तीही अभिसारी निघाली, म्हणजे तिच्याही आंशिक बेरजांना सीमा असली, तर मूळ श्रेढीला केवल अभिसारी म्हणतात. समजा तिच्यात पहिल्या N पदांनंतरच्या सगळ्या केवल मूल्यांची मिळून बेरीज ०.००१ पेक्षा कमी आहे. पदे कशीही विस्कटा. नवीन क्रमात कधीतरी अशी वेळ येते की मूळची पहिली N पदे सगळी घेऊन झालेली असतात. त्यानंतर कोणत्याही टप्प्यावर थांबा, हाताशी जी इतर पदे आहेत ती सगळी शेपटातली, आणि पूर्ण शेपटाचे वजनच ०.००१ च्या आत. त्यातली कोणती आधी आली आणि कोणती मागे राहिली याने ०.००१ पेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. ०.००१ च्या जागी हवी ती लहान संख्या घ्या, फक्त N मोठा घ्यावा लागेल. उधारीला वरून झाकण असते आणि ते झाकण खाली सरकत शून्यापर्यंत येते.

एकांतर हरात्मक श्रेढीत हे झाकणच नाही. चिन्हे पुसली की १ + १/२ + १/३ + … उरते आणि ती अपसारी आहे. कितीही पुढे जा, मागे उरलेल्या शेपटाचे एकूण वजन अनंतच. शिवाय धन पदांची वेगळी बेरीज अनंत आणि ऋण पदांचीही अनंत. अशा श्रेढीला सशर्त अभिसारी म्हणतात. तिची मर्यादित बेरीज म्हणजे दोन अनंत साठ्यांमधली काटाकाटी, आणि कोणत्या साठ्यातून किती वेगाने उचलता यावर उत्तर ठरते.

थोडक्यात, क्रमाची निष्पापता सिद्ध करण्यासाठी गटाने नेमकी अशी श्रेढी निवडली होती जिच्यावर कोणताही क्रम निष्पापच ठरला असता.

## पुढे काय करायचे: चार पर्याय

पहिला पर्याय जुनी आवृत्ती परत आणण्याचा. सुरक्षित, पण मग वेग जातो.

दुसरा सुचला तो उत्तर दुरुस्त करण्याचा. एका फेरीत p धन आणि q ऋण पदे घेतली तर या श्रेढीची बेरीज ln २ + ½ ln(p/q) येते. p = २, q = १ ला १.०३९७; p = १, q = २ ला ०.३४६६, म्हणजे मूळच्या बरोबर निम्मी; p = १, q = ४ ला शून्य. मग शेवटी ½ ln २ वजा केले की झाले! हा मोह टाळला गेला, आणि योग्य कारणाने. हे सूत्र १/n या आकाराच्या पदांपुरतेच आहे. त्यांनी लगेच १ − १/√२ + १/√३ − १/√४ + … ही श्रेढी दोनास एक क्रमाने चालवून पाहिली. मूळ क्रमात ती अभिसारी आहे. नव्या क्रमात m जादा पदांपैकी प्रत्येक पद १/(2√m) पेक्षा मोठे असते, म्हणजे एकूण जादा बेरीज √m/२ पेक्षा मोठी. दहा लाख फेऱ्यांनंतर उत्तर ५०० च्या वर गेले होते आणि वाढतच होते. इथे वजा करायला ठरावीक संख्याच नाही.

तिसरा पर्याय खिडक्यांचा. छेदांचे ठरावीक लांबीचे गट करायचे, १ ते १०२४, १०२५ ते २०४८ आणि असेच पुढे. प्रत्येक गटात आधी सगळी धन पदे घ्यायची, मग सगळी ऋण. गटाच्या शेवटी हाती असलेली पदे मूळ क्रमातलीच असतात. गटाच्या मध्यावर फार तर ५१२ धन पदे जादा असतात. छेद दहा लाखाच्या पुढे गेल्यावर त्यांचे एकूण वजन ५१२/१०,००,००० पेक्षा, म्हणजे साधारण ०.०००५ पेक्षा कमी, आणि पुढे ते घटतच जाते. पद आपल्या मूळ जागेपासून ठरावीक अंतरापलीकडे सरकत नसेल तर सशर्त अभिसारी श्रेढीलाही धक्का लागत नाही, कारण पदे शून्याकडे जातात आणि उधारीतल्या पदांची संख्या वाढत नाही.

चौथा पर्याय तिसऱ्यावरची सुधारणा म्हणून पुढे आला. खिडकी १०२४ चीच का ठेवायची? प्रत्येक वेळी ती दुप्पट करत गेलो तर फेऱ्या कमी होतील, आणि खिडकीच्या शेवटी तर पदे जुळतातच. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण खिडकी n पासून 2n पर्यंत असेल तर तिच्यातल्या धन पदांची बेरीज जवळपास ½ ln २ असते, n कितीही मोठा असला तरी. म्हणजे प्रत्येक खिडकीत आंशिक बेरीज ०.६९३ वरून १.०३९ पर्यंत चढणार आणि परत उतरणार, आणि हे कधीच थांबणार नाही. अशा श्रेढीला सीमाच नाही. ती अभिसारी उरत नाही. फक्त खिडकीच्या शेवटी छपाई केली तर ०.६९३१ दिसत राहील आणि सगळे ठीक आहे असा भास होईल.

## निर्णय आणि अंमलबजावणी

गटाने १०२४ लांबीची ठरावीक खिडकी निवडली. एका फेरीचा आकार आता वाचनाच्या सोयीने न ठरता छेदाच्या मर्यादेने ठरतो. धन प्रवाह गटाच्या सीमेवर पोहोचला की थांबतो, आणि ऋण प्रवाह त्याच सीमेवर आला की दोघे पुढच्या गटात जातात. ३० लाख पदांना १०२४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे शेवटचा गट अपुरा राहतो. त्या गटातली पदेही ३०,००,००० या छेदापर्यंतचीच घेतली जातात. उत्तर ०.६९३१४७०१ आले, जुन्या आवृत्तीइतकेच.

धन पदे सगळी एकदम आणि ऋण पदे सगळी एकदम, अशी बेरीज का नको, असेही एकाने विचारले. पदांची संख्या आधीच ठरलेली असेल आणि दोन्ही बाजू एकाच छेदापर्यंत जात असतील, तर ती मर्यादित बेरीज आहे आणि क्रमाने उत्तर बदलत नाही. २०,००,००० छेदापर्यंत धन बाजू ७.८८९५ आणि ऋण बाजू ७.१९६४ येते, वजाबाकी ०.६९३१. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत एखादा अंक गमावला जातो, एवढाच तोटा. पण पदे किती घ्यायची ते चालता चालता ठरवणाऱ्याला ही रीत उपयोगाची नाही, कारण तिथे धन बाजू कधी संपणारच नाही.

चाचण्याही बदलल्या. १/n² ची श्रेढी राहिली, पण तिच्या शेजारी १/n आणि १/√n या एकांतर श्रेढी आल्या. यातली शेवटची सर्वांत कडक ठरते, कारण क्रमातली किरकोळ ढिलाईही तिच्यात मोठी होऊन दिसते. आणि बेरजेसोबत दोन्ही प्रवाहांचे शेवटचे छेद आता नेहमी छापले जातात. त्यांच्यातले अंतर १०२४ च्या पुढे गेले की प्रोग्राम थांबतो.

## काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, चाचणीची श्रेढी निवडताना तिची केवल मूल्ये घेऊन अभिसार तपासायला हवा होता. एवढे केले असते तर चाचणी कशाची परीक्षा घेते आहे आणि कशाची नाही, हे पहिल्याच दिवशी उघड झाले असते.

दुसरे म्हणजे उत्तर स्थिर झाले हे उत्तर बरोबर असल्याचे लक्षण मानले गेले. स्थिरता फक्त एवढेच सांगते की या क्रमाला सीमा आहे. ती सीमा मूळ क्रमाची आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. आणि सीमा कोणतीही असू शकते. डिरिक्लेने १८३७ मध्ये अशा क्रमबदलाने बेरीज बदलते याकडे लक्ष वेधले होते. रीमानच्या १८५४ च्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६७ मध्ये छापल्या गेलेल्या प्रबंधात पूर्ण विधान आले: सशर्त अभिसारी श्रेढीची पदे योग्य क्रमाने लावून हवी ती वास्तव संख्या बेरीज म्हणून मिळवता येते.

त्याची रीत गटाने १.५ हे लक्ष्य घेऊन हाताने करून पाहिली. बेरीज १.५ ओलांडेपर्यंत धन पदे घ्यायची, ओलांडली की एक ऋण पद, पुन्हा धन. १ + १/३ + १/५ ने १.५३३३ होते, १/२ वजा केले की १.०३३३. मग १/७, १/९, १/११, १/१३, १/१५ मिळवून १.५२१८, १/४ वजा करून १.२७१८. मग १/१७ ते १/२५ ही पाच पदे घेतली की १.५१४४, १/६ वजा करून १.३४७७. धन साठा अनंत असल्यामुळे १.५ प्रत्येक वेळी ओलांडता येते, आणि ओलांडताना किंवा खाली येताना होणारी चूक शेवटी वापरलेल्या पदापेक्षा मोठी नसते. ती पदे शून्याकडे जातात, म्हणून आंशिक बेरजा १.५ भोवती आवळत जातात. पहिली फेरी सोडली तर दर ऋण पदामागे पाच धन पदे दिसतात, आणि हे वरच्या सूत्राशी जुळते: ln २ + ½ ln(p/q) = १.५ साठी p/q हे गुणोत्तर सुमारे ५.०२ यावे लागते. नुसते पाचास एक घेतले तर १.४९७९ वर अडकते, म्हणून अधूनमधून एका फेरीत सहा धन पदे घ्यावी लागतात. साधारण सत्तेचाळीस फेऱ्यांतून एकदा.